शेवटचं काय ते सांगा, शेठ

लग्नाचा बस्ता बांधायला घरची सात-आठ माणसं येतात. तीन-चार तास गादीवर बसतात, शंभरावर साड्या उलगडल्या जातात, दोनदा चहा होतो. एवढ्या वेळात भावाचा विषय फारसा निघत नाही. तो निघतो अगदी शेवटी, गठ्ठा एका बाजूला लागला आणि कॅल्क्युलेटरवर आकडा दिसला की. मग नवरीचे मामा पुढे सरकतात आणि म्हणतात, “ते छत्तीस राहू द्या शेठ. तीस करा आणि बांधा.”

तालुक्याच्या गावात आमचं साड्यांचं दुकान आहे. हा क्षण मी गादीवर बसून खूप वर्षं पाहत आलो आहे. माझं मत असं झालं आहे की घासाघीस करणारं गिऱ्हाईक त्रासदायक नसतं, त्याला घाईत दिलेलं उत्तर त्रासदायक ठरतं. मामा उठून जाणार नाहीत, निदान लगेच तरी नाही. चार तास घालवून निवडलेल्या साड्या आहेत, नवरीच्या मनात शालू बसला आहे. त्यांना घरी गेल्यावर सांगायला एक आकडा हवा आहे, आणि आपण फसलो नाही याची खात्री हवी आहे.

गेल्या मोसमातलाच एक बस्ता घेतो. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवला आहे. नवरीचा शालू १४,००० रुपयांचा. दोन्ही विहिणींना सिल्कच्या काठपदर साड्या, प्रत्येकी ५,००० रुपये. आणि मानपानाच्या २४ साड्या, ५०० रुपयांच्या, सगळ्या सुरतेच्या मालातल्या. एकूण ३६,०००. या सगळ्याची पडतळ, म्हणजे खरेदीभाव, वाहतूक, हमाली धरून आम्हाला प्रत्यक्ष पडलेली किंमत, २७,६४० रुपये होती. मध्ये राहिले ८,३६०.

हे ८,३६० म्हणजे आमचा नफा नव्हे. भाडं, चार माणसांचे पगार, वीज आणि मालात अडकलेल्या पैशाचं व्याज यांचा बोजा आमच्या दुकानात शंभराच्या विक्रीमागे साधारण १२ रुपये येतो. छत्तीस हजारांवर तो ४,३२० होतो. तो वजा केला की हातात उरतात ४,०४०. आता कुणी “दहाच टक्के सोडा” म्हणालं, तर ऐकायला ते किती थोडं वाटतं. पण दहा टक्के म्हणजे ३,६०० रुपये, आणि ते ४,०४० मधून जातात. गिऱ्हाइकाच्या बिलाचा दहावा भाग सुटतो, दुकानाच्या कमाईचे जवळपास नऊ भाग सुटतात. गादीवर बसणाऱ्याने हा एक हिशेब रोज डोक्यात ठेवायला हवा. मामांच्या तीस हजारांत तर दुकान जवळजवळ दोन हजार खिशातून घालतं. आमची शेवटची पायरी ३२,००० च्या आसपास होती, आणि ती मला मामांनी तोंड उघडण्याआधीच ठाऊक असायला हवी. पडतळ साडीच्या चिठ्ठीवर आमच्या खुणेच्या अक्षरांत लिहिलेली असते, ती यासाठीच. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा आणि प्रत्येक अक्षर एकेका आकड्याचं मानायचं, अशी ही बाजारातली जुनी पद्धत.

तीस ऐकल्यावर मी “परवडत नाही” म्हणालो नाही, आणि “बरं, चौतीस” असंही म्हणालो नाही. आकड्याला आकडा दिला की पुढचं बोलणं फक्त आकड्यांचं होतं, आणि दोघं मध्यावर भेटतात. छत्तीस आणि तीसचा मध्य तेहतीस. तिथे मला जायचं नव्हतं. मी विचारलं, “मामा, यातलं नेमकं जड काय वाटतंय? शालू, विहिणींच्या, की मानपानाच्या?” एकूण रकमेवर भांडण होतं, एकेका साडीवर बोलणं होतं.

मामा म्हणाले, समोर अशीच काठपदर साडेतीनला आहे. हे वाक्य खोटं धरून चालू नये. बहुतेक वेळा ते खरं असतं, फक्त माल तोच नसतो. मी काठाशी सुटलेला एक धागा काढून काडीने पेटवला. रेशमाचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राखेचा ठिसूळ कण राहतो, बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मी म्हणालो, “समोरच्या साडीचाही धागा असाच पेटवून बघा. अशीच राख आली तर जरूर तिथली घ्या.” समोरच्या दुकानाबद्दल यापेक्षा जास्त एक शब्द बोलायचा नाही. तिथला दुकानदारही आपल्याच गावचा आहे, आणि दुसऱ्याला नावं ठेवणाऱ्याचा माल गिऱ्हाईक अधिकच संशयाने बघतं.

खरी जागा मानपानाच्या साड्यांत होती. चोवीस साड्या, पण चोवीसही बायका सारख्या जवळच्या नसतात. सख्ख्या मावश्या, आत्या, काकू यांना ५०० ची राहू द्यावी, आणि लांबच्या नात्यातल्या बाराजणींना ४२५ ची चालेल का, असं मी नवरीच्या आईला विचारलं, मामांना नव्हे. त्या वहिनींनी हातात घेऊन पोत पाहिला आणि हो म्हणाल्या. बिल ९०० रुपयांनी उतरलं. ५०० च्या साडीत आम्हाला ९० सुटतात, ४२५ च्या साडीत ८०. म्हणजे बारा साड्यांत आमचे गेले फक्त १२० रुपये. तेच ९०० भावात सोडले असते तर सगळेच्या सगळे गेले असते. कमी पैशांत बसवणं आणि भाव पाडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाइकाला अनेकदा पहिलीच हवी असते. दुसरा रस्ता कुणी दाखवत नाही म्हणून ते भाव पाडायला बसतं.

आता ३५,१०० झाले. मामांचं समाधान अजून व्हायचं होतं. मी म्हणालो, सगळा बस्ता एकाच ठिकाणी आणि सगळी रक्कम आजच देणार असाल, तर हजार कमी करतो. या अटीला अर्थ आहे. उधारीवर गेलेला बस्ता लग्नानंतर वसूल व्हायला महिने लागतात, आणि तेवढे दिवस सुरतेच्या व्यापाऱ्याचं देणं डोक्यावर असतं. मामांनी आणखी मागितले, तेव्हा थोडा वेळ कागदावर हिशेब करून मी ४०० सोडले. तिसऱ्यांदा १००. हजार, चारशे, शंभर. पायरी दर वेळी लहान होत गेली की तळ जवळ आल्याचं माणसाला आपोआप कळतं, शपथा घ्याव्या लागत नाहीत. याच्या उलट मी पहिल्याच फटक्यात तीन हजार सोडले असते, तर मामांना आनंद झाला नसता. त्यांना वाटलं असतं, हा एवढ्या पटकन उतरला म्हणजे अजून बराच उतरला असता. मोठी सूट मिळूनही ते चडफडत घरी गेले असते.

बिल ३३,६०० वर थांबलं. मामा म्हणाले, “तेहतीस करा, राऊंड.” इथे मी रोख सोडणं थांबवलं आणि शालू व दोन काठपदर साड्यांना फॉल-पिको आमच्याकडून करून देतो म्हणालो. गिऱ्हाइकाला बाहेर साडीमागे १२० रुपये पडतात, आमच्या शिवणाऱ्या ताईंना आम्ही ७० देतो. त्यांचे ३६० वाचले, आमचे २१० गेले. शिवाय फॉल-पिको झालेल्या साड्या न्यायला घरचं कुणीतरी पुन्हा दुकानात येतं, आणि तेव्हा भावाचं बोलणं संपलेलं असतं.

शेवटी उरलं काय? बदललेल्या मालाची पडतळ २६,८६०, फॉल-पिकोचे २१०, दुकानखर्च ४,३२०. हातात २,२१० रुपये. घासाघीस झाली नसती तर ४,०४० उरले असते, हे खरं. पण ३६,००० वरून ३३,६०० वर निव्वळ भाव तोडत आलो असतो, तर १,६४० च उरले असते. ५७० रुपयांचा हा फरक लग्नसराईतल्या प्रत्येक बस्त्यामागे पडत राहिला, तर एका माणसाचा पगार त्यातून निघू शकतो.

“मला पडलीच एवढ्याला” हे वाक्य मी बोलत नाही. सुरतेचे भाव आता मोबाइलवर कुणालाही दिसतात. एकदा ते खोटं ठरलं की पुढचं खरंही कुणी मानत नाही. “बिल नको, तेवढे कमी करा” ही मागणीही मी मान्य करत नाही. बिलावर सूट दाखवली की जीएसटी सूट वजा जाता उरलेल्या रकमेवरच लागतो, तेवढा फायदा गिऱ्हाइकाला रीतसर मिळतोच. आणि उद्या एखादी साडी बदलायला आली, तर हातात कागद लागतो.

मामा बत्तीसच्या खाली अडून बसले असते, तर मी नाही म्हणालो असतो. मग गठ्ठा सोडून साड्या पुन्हा कपाटात लावायच्या नाहीत. “उद्या दुपारपर्यंत बाजूला ठेवतो, बघून या,” एवढंच म्हणायचं. परत येणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

एका मालाला मात्र हा सगळा हिशेब लागू नाही. दोन मोसम कपाटात राहिलेल्या साडीची जर काळवंडते, रेशीम घडीवर विरू लागतं. तिथे पडतळ धरून बसणं म्हणजे रोज थोडं थोडं नुकसान सोसणं. अशी साडी मी मागण्याआधीच कमी भावात देतो, पण घडी उघडून दाखवून आणि कारण सांगून.

कारण सांगण्यावर मी इतका भर देतो त्यामागे एक जुनी चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी फार आग्रह केला, म्हणून ६०० ची साडी मी ५४० ला दिली. त्यांच्या शेजारणीने आदल्याच आठवड्यात तीच साडी एक शब्द न बोलता ६०० ला नेली होती. दोघी एकाच हळदीकुंकवाला त्या साड्या नेसून गेल्या. शेजारीण दुकानात आली, भांडली नाही. म्हणाली, “मी मागितलं नाही म्हणून माझ्याकडून जास्त घेतले ना, भाऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी साठ रुपये पुढे केले, तिने घेतले नाहीत आणि ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून सूट देताना मी मनात एकच तपासतो: हिचं कारण दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगता येईल का? चोवीस साड्या एकदम घेतल्या, रक्कम त्याच दिवशी दिली, घडीवर डाग होता, ही कारणं सांगता येतात. जोरात बोलले म्हणून दिले, हे सांगता येत नाही.

दिवाळीच्या आधी मामांच्या वहिनी आल्या. त्यांना ५०० वाल्यांतली एकच साडी हवी होती, आणि बस्त्यात कमी झालं होतं तसं करा म्हणाल्या. मी सांगितलं, तेव्हा चोवीस होत्या आणि पैसे त्याच दिवशी आले होते. एका साडीचे पाचशेच. त्यांनी पाचशे काढून दिले आणि विचारलं, “पुढच्या वर्षी आमच्या धाकटीचं आहे. तेव्हा मिळेल ना तसंच?” मी वहीत त्यांचं गाव लिहून घेतलं.