घरी आलीस, छान झालं!

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळण्याचा दिवस पेशंटला दमवणारा असतो. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात, पण डिस्चार्जचे कागद, अंतिम बिल आणि विम्याची मंजुरी होईपर्यंत अनेकदा संध्याकाळ उजाडते. घरी टेकल्यावर मोबाइल हातात घ्यावा, तर प्रश्नांची रांग लागलेली असते. नेमकं काय झालं होतं? रिपोर्ट काय आले? प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हणजे तेच दुखणं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

म्हणून मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी, जरा उन्हं वर आल्यावर पाठवावा. तो वाचून हसू यावं आणि फोन बाजूला ठेवता यावा. शेजारच्या मैत्रिणीला असं लिहिता येईल:

“बाईसाहेब, घरी स्वागत! तू नव्हतीस तर भिशीचा चहा इतका पांचट झाला की सगळ्यांनी तुझीच आठवण काढली. तुझ्या जास्वंदीला रोज पाणी घातलंय, दोन कळ्या आल्यात. उद्या भाजी आणायला जाणार आहे. तुमचीही आणून पिशवी दाराला अडकवीन, बेल वाजवणार नाही. उत्तर लिहीत बसू नकोस, गप्पा सावकाश मारू.”

यात आजाराचा उल्लेखच नाही. चहा आणि जास्वंद तिच्या रोजच्या आयुष्यातल्या गोष्टी आहेत, त्यामुळे ती पुन्हा पेशंट न राहता भिशीतली मैत्रीण होते. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हटलं, की काय मागायचं आणि मागायचं की नाही, हे तिलाच ठरवावं लागतं. भाजीच्या पिशवीबाबत तिला काहीच ठरवायचं नाही. नको असेल तर ‘नको’ एवढंच पुरे. ‘उत्तर नको’ हे मात्र स्पष्ट लिहावं, नाहीतर निळी टिक दिसली असेल म्हणून ती संकोचाने लिहायला बसेल.

‘आता एकदम ठणठणीत ना?’ हेही टाळलेलं बरं. टाके ओढत असतील, पुढच्या तपासणीची धाकधूक असेल, तर तिला उगाच ‘हो’ म्हणावं लागतं. घरगुती उपाय आणि ‘आमच्या काकूंनाही असंच झालं होतं’ या कथाही नकोत. डबा पाठवायचा असेल, तर पथ्य काय आहे ते तिच्या नवऱ्याला किंवा मुलीला विचारावं.

उत्तरादाखल नुसता अंगठा आला, तरी मेसेज पोचला असं समजावं आणि लगेच फोन करू नये. काहीच आलं नाही, तर आठवड्याभराने असाच एखादा हलका मेसेज टाकावा, ‘रागावलीस का?’ असं विचारू नये. तिनेच आजाराचा विषय काढला, तर मात्र विषय बदलू नये. ती सांगेल तेवढं नीट ऐकावं आणि ती थांबेल तिथे आपणही थांबावं.