कर्जसमाप्तीच्या संदेशाचे पुनर्लेखन

‘आपले कर्जखाते बंद करण्यात आले आहे. पुढील कार्यवाही नियमानुसार होईल.’ या संदेशात रक्कम नाही, तारीख नाही. ‘नियमानुसार’ या शब्दामागे तर मुदतच दडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करावी लागतात. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून असे लिहावे : ‘आपण १० जून २०२४ रोजी भरलेल्या ३,४२,६१५ रुपयांनी आपले गृहकर्ज पूर्ण फिटले, आता काहीही येणे नाही. मूळ खरेदीखत १० जुलैपर्यंत आमच्या शाखेत मिळेल. येताना ओळखपत्र आणावे. मालमत्तेवरील बोजाही आम्ही तोवर उतरवू.’ येथे मुदत संदेशाच्या नव्हे, फेडीच्या तारखेपासून मोजली आहे.