आठव्या पहाटे पोस्ट का पडत नाही?

समजा, एका वाचनालयाला रोज पहाटे पाच वाजता आपल्या ब्लॉगर पानावर दिनविशेष टाकायचा आहे. वर्षभराचा मजकूर तयार आहे. कोपऱ्यातल्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम ठरल्या वेळी जागा होतो, त्या दिवसाचा परिच्छेद उचलतो आणि ब्लॉगरच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलण्याच्या खिडकीकडे, पाठवतो. सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रंथपालांनी गुगलच्या पडद्यावर एकदा लॉगिन करून परवानगी दिली. मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत सात पोस्टी बिनबोभाट पडल्या. आठवी, मंगळवारची, पडलीच नाही.

परवानगी देताना पासवर्ड प्रोग्रामच्या हाती लागत नाही. त्याला दोन लांबलचक अक्षरमाळा मिळतात. पहिली ॲक्सेस टोकन. पोस्ट टाकताना हीच दाखवायची, आणि गुगलकडे तिचं आयुष्य साधारण एक तासाचं. ती चोरीला गेलीच तर चोराला तासाभरापुरतीच उपयोगी पडावी, म्हणून मुदत मुद्दाम छोटी ठेवलेली असते. दुसरी रिफ्रेश टोकन. हिने पोस्ट टाकता येत नाही. ती फक्त नवी ॲक्सेस टोकन मागायला चालते. म्हणजे पहाटे पाचला प्रोग्राम आधी ही मागणी करतो:

```
POST https://oauth2.googleapis.com/token
grant_type=refresh_token
```

सोबत आपली ओळख आणि रिफ्रेश टोकन जोडतो, ताजी ॲक्सेस टोकन घेतो आणि मग पोस्ट टाकतो. तासाभराची मुदत इथे अजिबात आड येत नाही. माणूस झोपलेला असला तरी हे चक्र चालत राहतं. थांबतं ते रिफ्रेश टोकनच मेली की. आठव्या पहाटे गुगलचं उत्तर येतं:

```
{
  "error": "invalid_grant",
  "error_description": "Token has been expired or revoked."
}
```

हे का झालं? गुगलच्या कन्सोलमध्ये नवा प्रोग्राम नोंदवला की तो बहुधा `Testing` या अवस्थेत असतो. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीचा प्रोग्राम या अवस्थेत असेल, तर अशा कामाची रिफ्रेश टोकन सात दिवसांनी बाद होते. सोमवारी अकराला दिलेली परवानगी पुढच्या सोमवारी अकराला संपली. त्या दिवशीची पहाटेची पोस्ट सहा तास आधी पडल्यामुळे निभावली. बिघाडाची खूण हीच: पुन्हा लॉगिन केलं की आठवडाभर सगळं सुरळीत, आणि मग पुन्हा तेच. अनेक जण कोडमध्ये चूक शोधत बसतात. कोडमध्ये काहीच नसतं. अवस्था बदलून `In production` करायची आणि नव्याने परवानगी द्यायची, कारण जुन्या टोकनची मुदत मागाहून वाढत नाही. त्यानंतरही रिफ्रेश टोकन अमर होत नाही: सहा महिने वापरलीच नाही किंवा खातेदाराने परवानगी काढून घेतली, तर ती जातेच.

या दोन अपयशांना प्रोग्रामने वेगवेगळं वागवायला हवं. पोस्ट टाकताना ब्लॉगरने 401 हा आकडा परत पाठवला, तर बहुधा ॲक्सेस टोकन शिळी झालेली असते. नवी आणून एकदाच पुन्हा प्रयत्न करावा. पण टोकन मागतानाच `invalid_grant` आलं, तर शंभरदा मागूनही उपयोग नाही. तिथे माणसालाच ईमेल जायला हवी. बरेच प्रोग्राम दोन्हींना एकच औषध देतात, पुनःपुन्हा प्रयत्न करण्याचं, आणि पान मुकाट्याने शिळं होत जातं.

हाच मजकूर इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यावरही टाकायचा ठरवला, तर गुगलवर शिकलेली सवय अंगाशी येते. तिथे वेगळी रिफ्रेश टोकन नसते. 60 दिवसांची एकच दीर्घ मुदतीची टोकन असते आणि तीच दाखवून पुढच्या 60 दिवसांची मागायची. अट दोन बाजूंनी आहे: टोकन किमान 24 तास जुनी हवी आणि जिवंत हवी. मेलेल्या टोकनचं नूतनीकरण होत नाही. पुन्हा खातेदारालाच लॉगिन करावं लागतं. त्यामुळे ‘नकार आला की नवी मागू’ हा गुगलकडे चालणारा बेत इथे हमखास बुडतो, कारण नकार येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून इन्स्टाग्रामसाठी नूतनीकरणाचं काम पोस्ट टाकण्यापासून वेगळं काढावं आणि पोस्ट असो-नसो, दर आठवड्याला चालवावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालय महिनाभर बंद राहिलं आणि संगणकही बंद केला, तरी हाताशी तीन-चार आठवडे उरतात. नवी टोकन आली की ती आधी डिस्कवर लिहावी, मगच पुढचं काम करावं. नाहीतर मधेच वीज गेली, तर उठल्यावर प्रोग्राम फाईलमधली जुनीच टोकन वाचतो आणि आपली मुदत नेमकी कधी संपते, हा त्याचा हिशेब चुकतो.