गच्चीवरच्या छत्रीसाठी सोसायटीला पत्र

सोसायटीच्या ऑफिसात डिशसाठी जे अर्ज येतात, ते बहुतेक एका ओळीचे असतात. ‘मला टीव्हीची डिश बसवायची आहे, तरी परवानगी द्यावी ही विनंती.’ खाली सही आणि फ्लॅट नंबर. असा अर्ज कमिटीपुढे वाचला गेला की लगेच प्रश्न सुरू होतात. कुठे बसवणार? स्लॅबला भोक पाडणार का? वायर कोणाच्या खिडकीवरून जाणार? उद्या खाली पडली तर? अर्जात यातल्या एकाचेही उत्तर नसते. मग विषय पुढच्या सभेवर जातो, तिथून त्याच्या पुढच्या, आणि शेवटी नकार येतो. सभासद म्हणतो कमिटी आडमुठी आहे. माझे मत वेगळे आहे. कमिटीला होकार द्यायला लागते ती माहिती पत्रातच नसते, आणि ती मिळवायला एखादी सकाळ पुरते.

मुळात परवानगी लागतेच का, असे अनेकजण विचारतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला कमिटीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय फ्लॅटमध्ये वाढीव बांधकाम किंवा फेरबदल करता येत नाहीत. गच्ची, जिना, पॅसेज या तर सगळ्यांच्या जागा, त्या एकट्याने अडवता येत नाहीत. इमारतीची बाहेरची भिंतही तुमच्या एकट्याची नसते. त्यामुळे डिश बाल्कनीच्या आत, स्वतःच्या हद्दीत मावत असेल तर प्रश्न सोपा आहे. ती सहसा मावत नाही, आणि याचे कारण आकाशात आहे.

दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’चे उदाहरण घेऊ, कारण तिला मासिक भाडे नाही आणि तिच्यासाठी परवानगी मागणारे पुष्कळ आहेत. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. ठाणे-मुंबईतून पाहिले तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ५७-५८ अंश वर असतो. म्हणजे ज्याची बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला आहे, त्याच्या फ्लॅटमधून हा उपग्रह दिसणारच नाही, कितीही चांगला मेकॅनिक आणला तरी. बाल्कनी आग्नेयेला असली तरी इतक्या चढ्या कोनात पाहायचे म्हणजे वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब आड येतो. मग लोक लोखंडी दांडा लावून डिश ग्रिलच्या बाहेर लोंबती ठेवतात. खाली माणसे चालत असताना अशी डिश वर असणे खरोखर धोक्याचे आहे. तिला नकार देणारी कमिटी माझ्या मते बरोबरच वागते.

आपल्या जागेतून उपग्रह दिसतो की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, ठाणे-मुंबईतून पाहताना सूर्य जवळजवळ या उपग्रहाच्याच जागी येतो. त्या वेळी जिथे डिश लावायची तिथे ऊन पडत असेल तर सिग्नल मिळेल. सावली असेल तर ती ज्याची आहे तोच अडथळा. एरवी मोबाइलमधल्या होकायंत्रावर १३१ अंशांची दिशा पाहायची, पण गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूमपासून आणि लोखंडी पाइपांपासून चार पावले दूर उभे राहून, नाहीतर काटा चुकतो. दुसऱ्या कंपनीची डिश असेल तर उपग्रह वेगळा आणि दिशाही वेगळी, तेव्हा आधी ते विचारून घ्यावे.

आता एक इमारत समोर ठेवू. ठाण्यातली सात मजली, तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट. घरातून उपग्रह दिसण्याचा प्रश्नच नाही, म्हणून गच्ची. गच्चीच्या मध्यावर पाण्याची टाकी, डिशच्या पातळीपेक्षा ३ मीटर उंच. या कोनाचे गणित असे, की आड येणारी वस्तू डिशपेक्षा जितकी उंच असेल, तिच्या साधारण दोन-तृतीयांश तरी अंतर मध्ये हवे. म्हणजे ३ मीटरच्या टाकीपासून डिश किमान २ मीटर लांब असली की पुरे. याच हिशोबाने, २० मीटरवर असलेला शेजारचा टॉवर डिशपेक्षा दहा मजले उंच होईपर्यंत आड येत नाही. गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, कठड्याला पाठ करून डिश ठेवली तर तिच्यासमोर आग्नेयेला सगळी गच्ची मोकळी मिळते. शिवाय कधी सुटलीच तर ती गच्चीतच पडेल, रस्त्यावर नाही. वायव्येचा हा कोपरा मी मुद्दाम सुचवतो.

कमिटीची सर्वांत मोठी भीती गळतीची असते आणि ती खरी आहे. गच्चीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक किंवा लेप असतो. त्यात डिशचा पाय ड्रिलने ठोकला की पाणी त्या भोकातून आत शिरते आणि वरच्या मजल्याच्या छतावर कुठेतरी दूरच ओल उमटते. भोक कुठले आणि ओल कुठे, हे शोधायला मग अख्खा पावसाळा जातो. म्हणून पत्रात स्पष्ट शब्दांत लिहावे की स्लॅबला ड्रिल केले जाणार नाही. मग डिश धरणार कशी? कठडा काँक्रीटचा किंवा चांगल्या जाडीच्या विटांचा असेल तर त्याच्या आतल्या उभ्या बाजूला अँकर फास्टनर लावता येतात आणि भोवतीची फट सीलंटने बंद करता येते. कठडा चार इंचांचा, पोकळ वाजणारा असेल तर त्याला हात लावू नये. तिथे लोखंडी चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवून डिश उभी करतात, चौकटीखाली रबराची चटई घालून.

या वजनात अनेकजण चुकतात. मुंबई परिसरात इमारती बांधताना वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. इतक्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरची साधी डिशही ४० ते ५० किलोच्या जोराने मागे ढकलली जाते. दोन विटांनी काम भागत नाही. चौकट पसरट हवी, ठोकळे जड हवेत, आणि डिश जमिनीपासून जितकी खाली ठेवता येईल तितकी बरी. डिश विजेच्या अटकावाच्या दांड्यापेक्षा खाली असावी आणि तिची केबल त्या दांड्याच्या पट्टीला बांधू नये.

केबलचेही लिहावे. आपल्या उदाहरणात गच्चीवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत, घरातला भाग धरून, साधारण २५ मीटर केबल लागेल. चांगल्या आरजी-६ केबलला एवढे अंतर चालते. ती डक्टमधून, क्लिपा मारून न्यावी. जिन्यातून किंवा कोणाच्या खिडकीवरून नको. या केबलमधून सेट-टॉप बॉक्सकडून डिशकडे जाणारा वीजदाब १३ किंवा १८ व्होल्टचाच असतो, घरातल्या लाइटचा नसतो. हे एक वाक्य पत्रात असले की ‘शॉक लागेल’ ही शंका सभेत येत नाही.

आता पत्र. त्या फ्लॅटच्या मालकाने मी सांगितल्याप्रमाणे लिहिले तर ते असे होईल:

‘प्रति, मा. सचिव. विषय: गच्चीवर ६० सेंटिमीटर व्यासाची डिश बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, मी फ्लॅट क्र. ३०४ चा सभासद आहे. माझा फ्लॅट पश्चिमाभिमुख असल्याने व उपग्रह आग्नेयेस असल्याने फ्लॅटमधून सिग्नल मिळत नाही. तरी गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात, सोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागी, डिश ठेवण्याची परवानगी मिळावी. स्लॅबला ड्रिल केले जाणार नाही. डिश काँक्रीट ठोकळ्यांच्या चौकटीवर उभी राहील. केबल डक्टमधून येईल व तीत फक्त १३ ते १८ व्होल्टचा दाब असेल. काम रविवारी सकाळी, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर होईल.

डिशमुळे संस्थेचे किंवा कोणाही सभासदाचे नुकसान झाल्यास मी स्वखर्चाने भरून देईन. गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा दुरुस्ती निघाल्यास सात दिवसांच्या सूचनेवर डिश स्वखर्चाने हलवीन. फ्लॅट विकल्यास डिश काढून घेईन. या परवानगीने गच्चीतील जागेवर माझा कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे मला मान्य आहे. परवानगी देणे शक्य नसल्यास कारणांसह लेखी कळवावे.’

सोबत हाताने काढलेला गच्चीचा नकाशा आणि त्या कोपऱ्याचा फोटो जोडायचा. शेवटून दुसरे वाक्य अनेकांना नको वाटते, पण कमिटीला तेच हवे असते. आज एकाला कोपरा दिला की उद्या तो आपलाच म्हणेल, ही धास्ती असते. आणि एकाला दिले की दहाजण मागतील, ही दुसरी. दुसरीवर उपाय आहे. चार-पाच कुटुंबांना एकाच कंपनीची सेवा हवी असेल तर एकच डिश आणि मल्टिस्विच लावून तिचे सिग्नल अनेक घरांत वाटता येतात. शेजाऱ्यांना विचारून तशी तयारी पत्रात दाखवली तर गच्चीवर छत्र्यांचे जंगल होत नाही. कंपन्या वेगवेगळ्या असतील तर मात्र डिशही वेगवेगळ्याच लागतात.

पत्र दोन प्रतींत द्यावे, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. परवानगी तोंडी घेऊ नये. चेअरमन बदलले की तोंडी परवानगीही जाते, म्हणून कमिटीच्या सभेतल्या ठरावाची प्रत मागावी आणि ठरावात जागा, डिशचा आकार व अटी लिहिल्या आहेत का ते वाचावे. अनामत रक्कम मागितली तर तिची पावती घ्यावी. कमिटीने कारण न देता नाकारले तर आधी लेखी कारण मागावे, मग विषय सर्वसाधारण सभेत न्यावा. त्यानेही भागले नाही तर तक्रार उपनिबंधकांकडे, आणि वाद उरलाच तर सहकार न्यायालयात. तिथे पोचण्याआधी ‘डिश काढा’ अशी नोटीस आली, तर शिक्क्याची प्रत आणि नकाशा तुमच्या हातात असायला हवेत.