पॅलेटवर शिक्का आहे, तरी माल का अडतो? लाकडी पॅकिंगचे नियम समजून घ्या

समजा, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या पॅकरकडे कास्टिंगचे काम आले आहे. माल न्हावा शेवा बंदरातून जर्मनीला जायचा आहे. त्याने शिक्का असलेली दहा पॅलेट विकत घेतली. कास्टिंग हलू नयेत म्हणून वखारीतून आणलेले साध्या लाकडाचे ठोकळे त्यावर खिळ्यांनी ठोकले. पॅलेट नियमात आहेत, तरीही हा माल जर्मनीत अडू शकतो. कारण आहे ते ठोकळे.

नियम कशासाठी?

कच्च्या लाकडात किडे, अळ्या आणि सूत्रकृमी लपलेले असतात. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लांब मिशांचा एक आशियाई भुंगा झाडे पोखरताना सापडला. तो चीनहून आलेल्या लाकडी पॅकिंगमधून पोहोचला, असे मानले जाते. २००२ मध्ये ‘आयएसपीएम १५’ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. त्यात पॅलेट आणि खोके येतातच, पण माल अडवायला लावलेल्या फळ्या, पाचरी आणि ठोकळेही येतात.

शिक्का कसा वाचायचा?

चौकटीत डावीकडे गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह असते. उजवीकडे देशाची दोन अक्षरे असतात, भारतासाठी ‘आयएन’. त्याला जोडून प्रक्रिया करणाऱ्या मान्यताप्राप्त युनिटचा क्रमांक येतो. शेवटी प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे उष्णता प्रक्रिया, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. शिक्का स्पष्ट आणि न पुसणारा हवा. तो हाताने काढलेला चालत नाही आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावा.

हा शिक्का पॅकरने स्वतः मारायचा नसतो. केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाची मान्यता असलेल्या युनिटलाच तो अधिकार आहे.

‘एचटी’ म्हणजे नेमके काय?

लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला पोहोचून तिथे सलग किमान ३० मिनिटे राहायला हवा. भट्टीतली हवा ५६ अंश झाली म्हणून घड्याळ सुरू होत नाही. जाड ठोकळ्याचा गाभा उशिरा तापतो, म्हणून तापमापीची टोके लाकडाच्या आत बसवतात. युनिटकडून प्रमाणपत्रासोबत तापमानाची नोंदही मागून घ्यावी.

लाकडावरची सालही काढलेली हवी. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद तुकडे राहिले तर चालतात. त्याहून रुंद तुकडा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवे. मात्र ‘एचटी’ म्हणजे लाकूड सुकले असे नव्हे. ओल्या पॅलेटवर नंतर बुरशी येऊ शकते आणि माल गंजू शकतो.

मग त्या ठोकळ्यांचे काय?

पॅकरपुढे दोन सोपे मार्ग आहेत. प्रक्रिया युनिटकडूनच शिक्का मारलेले ठोकळे घ्यायचे, किंवा प्लायवूडचे ठोकळे वापरायचे. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड तयार होताना डिंक, उष्णता आणि दाब वापरतात, म्हणून त्यांना नियमातून सूट आहे. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही सूट आहे. पण प्लायवूडच्या खोक्याखाली साध्या लाकडाचे पाय ठोकले, तर त्या पायांना प्रक्रिया आणि शिक्का लागतोच.

जुन्या पॅलेटची एखादी फळी बदलली तरी नवी फळी प्रक्रिया केलेली हवी आणि तिच्यावर तिचा वेगळा शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला, तर जुने सगळे शिक्के मिटवून पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का घ्यावा लागतो.

शिक्का मापाबद्दल काही सांगतो का?

नाही. माप ग्राहकाला आधी विचारायचे. युरोपात १२०० बाय ८०० मिलिमीटरचे पॅलेट सर्रास चालते, तर १२०० बाय १००० हेही आंतरराष्ट्रीय माप आहे. साध्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २३५० मिलिमीटर असते. त्यामुळे दोन पॅलेट शेजारी शेजारी १२०० च्या बाजूने ठेवली, तर २४०० होतात आणि बसत नाहीत. एक आडवे आणि एक उभे ठेवले, तर १२०० आणि १००० मिळून २२०० होतात आणि बसतात.

अडले तर?

तिकडचे अधिकारी लाकडावर पुन्हा प्रक्रिया करायला लावू शकतात, ते नष्ट करू शकतात किंवा माल परत पाठवू शकतात. त्याचा खर्च बहुधा निर्यातदाराच्या, आणि शेवटी पॅकरच्या बिलातून वळता होतो. म्हणून कंटेनर बंद करण्याआधी आतल्या लाकडाचा प्रत्येक तुकडा पाहून घ्यावा आणि शिक्क्यांचे फोटो काढून ठेवावेत. ज्या तुकड्यावर शिक्का नाही आणि जो प्लायवूडही नाही, तो बाहेर काढावा.