मॅडम, तुमच्या संशोधनात मी मदतीला येऊ का?

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना एका साच्यातली पत्रं येऊ लागतात. ‘मला मानवी मनाबद्दल लहानपणापासून कुतूहल आहे, संशोधनाची मनापासून आवड आहे, आपल्या हाताखाली विनामोबदला काम करण्याची संधी मिळाली तर मी आपला ऋणी राहीन.’ पत्र नम्र असतं, शुद्ध असतं आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर येत नाही. मुलांना वाटतं की आपले गुण कमी पडले किंवा कॉलेज छोटं म्हणून आपल्याला डावललं. खरं कारण बरंचसं साधं आहे. या मुलाच्या हाती नेमकं कोणतं काम द्यायचं, हे त्या पत्रातून कळत नाही.

म्हणून पत्र लिहिण्याआधी हे काम जवळून पाहायला हवं. समजा, एका मॅडमचं संशोधन वृद्धांच्या एकटेपणावर चालू आहे. एकटेपणा मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, ‘यूसीएलए लोनलीनेस स्केल’. तिच्या 1996 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 20 प्रश्न आहेत. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत चार उत्तरं आणि त्यांना 1 ते 4 गुण. एकूण गुण 20 ते 80 यांच्यामध्ये येतात. जितके जास्त, तितका एकटेपणा अधिक.

आता खरी मेख इथे आहे. 20 पैकी 11 प्रश्न एकटेपणाच्या बाजूने विचारलेले आहेत आणि 9 उलट्या बाजूने, म्हणजे सोबत आणि जवळीक वाटते का, असे. या 9 प्रश्नांचे गुण उलटवून घ्यावे लागतात: 4 चा 1 करायचा, 3 चा 2, आणि तसंच पुढे. हे विसरलं तर काय होतं ते पाहा. ज्या आजोबांना अजिबात एकटं वाटत नाही, ते 11 प्रश्नांना ‘कधीच नाही’ म्हणतील आणि 9 प्रश्नांना ‘नेहमी’. त्यांची खरी बेरीज 20. गुण न उलटवता ती होते 47. अगदी एकाकी आजींची खरी बेरीज 80, पण न उलटवता ती भरते 53. दोघांमधलं 60 गुणांचं अंतर 6 वर येतं. संगणक कुरकुर न करता सरासरी काढून देतो आणि ‘गटांमध्ये फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

चूक पकडण्याची खूण मात्र आहे. एकेका प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध काढला की काही प्रश्नांसमोर उणे चिन्ह दिसतं आणि क्रोनबाखचा अल्फा अपेक्षेपेक्षा बराच खाली येतो. टंकताना झालेल्या चुका याने कळत नाहीत. त्यासाठी तीच माहिती दोघांनी स्वतंत्रपणे भरायची आणि दोन्ही तक्ते ताडून पाहायचे. स्वयंसेवक साहाय्यकाकडे पहिल्यांदा येतं ते बहुधा हेच काम. ते कंटाळवाणं असतं आणि अख्खा अभ्यास त्यावर उभा असतो.

दुसरं काम घरोघरी जाऊन प्रश्न विचारण्याचं. अनेक वृद्धांना बारीक अक्षर वाचवत नाही, तेव्हा प्रश्न वाचून दाखवावे लागतात. आजी विचारतात, “म्हणजे काय रे बाळा?” तिथे आपल्या मनाने समजावून सांगायचा मोह होतो. पण प्रत्येक साहाय्यकाने आपापल्या शब्दांत समजावलं तर प्रत्येक घरात प्रश्नच वेगळा होतो. म्हणून तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचायचा, आणि खुलासा करायचा तर आधी ठरवून दिलेला तेवढाच करायचा. सून शेजारी भाजी निवडत बसली असेल, तर ‘घरात तुम्हाला एकटं वाटतं का’ याचं उत्तर तिच्यासमोर मोकळेपणाने येईलच असं नाही. अशा वेळी एकांत मागावा, तो मिळाला नाही तर तशी नोंद करावी. कोणी बोलता बोलता रडू लागलं तर प्रश्न थांबवायचे, आणि विद्यार्थ्याने समुपदेशक व्हायला न जाता ठरलेल्या पद्धतीने मॅडमना कळवायचं. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, नावांची यादी वेगळी आणि कुलपात. भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

हे माहीत असलेला विद्यार्थी पत्र कसं लिहील? साधारण असं:

“आदरणीय मॅडम, सा. न. मी एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वृद्धांच्या एकटेपणावरचा आपला शोधनिबंध मी वाचला. त्यात ग्रामीण भागातल्या मुलाखती घरीच घेतल्याचा उल्लेख आहे. त्या वेळी घरातली इतर माणसं जवळ असल्यास काय केलं जात होतं, हे मला समजून घ्यायचं आहे. आपल्या सध्याच्या प्रकल्पात स्वयंसेवक साहाय्यक म्हणून काम करण्याची माझी इच्छा आहे. मंगळवार आणि शनिवार दुपारी मिळून आठवड्याला सहा तास मी देऊ शकेन, डिसेंबरअखेरपर्यंत; परीक्षेचे दोन आठवडे सोडून. एक्सेलमध्ये माहिती भरणं मला येतं. एसपीएसएस वर्गात शिकले आहे, पण स्वतंत्रपणे वापरलेलं नाही. माझं गाव सातारा जिल्ह्यात आहे, तिथल्या वृद्धांशी त्यांच्या बोलीत मी सहज बोलू शकते. नोंदी तपासण्यापासून सुरुवात करायलाही माझी तयारी आहे. गुणपत्रक सोबत जोडलं आहे. आपल्या सोयीने दहा मिनिटं भेटता येईल का? आपली विद्यार्थिनी.”

या पत्रात स्तुतीचा एक शब्द नाही, तरी आदर आहे. निबंध वाचल्याचा पुरावा म्हणजे त्यातून निघालेला प्रश्न. नुसतं शीर्षक उतरवून भागत नाही. तास आणि मुदत दिल्यामुळे मॅडमना लगेच हिशेब करता येतो. सर्वांत मोलाचं मला वाटतं ते एसपीएसएसबद्दलचं वाक्य. जे येत नाही ते पत्रातच सांगणारी मुलगी उद्या नोंदीत घोळ झाला तर तोही सांगेल, असा भरवसा त्यातून मिळतो.

हेच पत्र नाव बदलून अनेकांना पाठवू नये. एकाच विभागातले प्राध्यापक चहाला एकत्र बसतात. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, आणि तिथे थांबावं.

होकार आला तरी पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. प्रकल्पाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, आणि साहाय्यक म्हणून आपलं नाव तिथे कळवावं लागेल का? प्रशिक्षण कोण देणार? प्रवासखर्च मिळणार का? काम झाल्यावर अनुभवाचं पत्र मिळेल का? नुसती माहिती भरल्याने शोधनिबंधात सहलेखक म्हणून नाव लागत नाही, आभारात उल्लेख होतो. सहलेखकत्वासाठी अभ्यासाची आखणी, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा लागतो. हे आधीच बोलून घेतलं तर पुढे मनं दुखावत नाहीत. विनामोबदला काम म्हणजे अमर्याद काम नव्हे. सहा तासांचे वीस तास होऊ लागले, किंवा संशोधनाऐवजी खासगी कामं सांगितली जाऊ लागली, तर नम्रपणे नाही म्हणण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. ज्या मुलांना शिकता शिकता कमवावं लागतं त्यांना हे सहा तासही परवडत नाहीत. प्रकल्पाच्या निधीत थोडीही सोय असेल तर मानधन द्यायलाच हवं.

आणि प्राध्यापकांना एक विनंती. जागा नसेल तर तसं दोन ओळींत कळवा. त्या मुलीने तुमचा निबंध वाचून तुम्हाला प्रश्न विचारला आहे. निदान त्या प्रश्नाचं उत्तर तिला द्या.