पन्नाशीच्या समारंभात मुलांनी काय बोलावं?

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असतो. थोरला मुलगा माइक घेतो आणि म्हणतो, ‘आई-बाबांनी आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या.’ पाहुणे मान डोलावतात. खस्ता कोणत्या, हे मात्र भाषण संपेपर्यंत कळत नाही. पुढे बाबांचे कष्ट आणि आईचा त्याग असे दोन वेगळे परिच्छेद येतात. दोघांनी मिळून काय निभावलं, ते राहूनच जातं.

समजा, लग्न १९७५चं, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, वडील गिरणीत साच्यावर. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा या संसाराला जेमतेम सात वर्षं झाली होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; कित्येकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. पन्नास वर्षांचा आढावा घेण्यापेक्षा भाषणात ही दोन-तीनच वर्षं घ्यावीत.

त्यासाठी आधी दोघांना वेगवेगळं विचारावं. बाबा मोर्चे सांगतील, आई वाण्याची उधारी. ‘आईने खाणावळ चालवून घर सावरलं’ हे वाक्य सहज सुचतं, पण संपात जेवणारे गडीच कोकणात, घाटावर गावी निघून गेले आणि गिरणगावातल्या खाणावळी ओस पडल्या. तेव्हा तिने नेमकं काय केलं, हे तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

मग असं काही हाती लागतं: ‘बाबा, तुम्ही भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून नाक्यावर बसायचात. गिरणीतलं कोणी दिसलं की तुम्हाला ओशाळल्यासारखं व्हायचं. आई, हे तू ओळखलंस आणि रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायला लागलीस. गिऱ्हाइकाशी तू बोलायचीस, वजन बाबा करायचे. माझ्या शाळेची फी त्या टोपलीतून गेली. त्या संध्याकाळींसाठी तुम्हा दोघांचे आभार.’

एवढं बोलायला मिनिटभरही लागत नाही. मागेपुढे थोडी भर घातली तरी भाषण चार मिनिटांत आटोपतं, आणि आटोपावंच. मंडळी भुकेली असतात.

यातला ओशाळण्याचा उल्लेख बाबांना आधी वाचून दाखवावा. गहाण टाकलेल्या डागांचंही तसंच. चाळीतल्यांना जे तेव्हाही ठाऊक नव्हतं, ते व्याह्यांसमोर आज उघडं करायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवावं. ते ‘नको’ म्हणाले तर वाक्य खोडावं, मग ते कितीही साधलेलं असो. अडचणीत धान्याचं पोतं पाठवणाऱ्या मामाचं नाव जरूर घ्यावं. ज्या काकांनी तेव्हा पाठ फिरवली, ते बहुधा पहिल्याच रांगेत बसलेले असतात. त्यांच्याबद्दल अवाक्षर नको. टोमणा काकांना लागतो, पण संध्याकाळ आईची बिघडते.

भाषण झाल्यावर माइक लगेच बंद करू नये. ‘भाजी नाही रे, नुसते कांदे-बटाटे होते,’ असं आई खुर्चीतूनच म्हणेल, बाबा तिला भाव सांगतील आणि दोघांची जुंपेल.